‘क्वारंटाईन’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘क्वारंटाईन’ या शब्दाच्या मुळाशी चाळीस हा आकडा आहे. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, आणि व्हेनिसच्या बोलीत चाळीस दिवसांच्या मुदतीला ‘क्वारांतेना’ असे नाव पडले. लॅटिनमधील ‘क्वाद्रागिंता’ आणि संस्कृतमधील ‘चत्वारिंशत्’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून निघालेले असल्यामुळे आपला ‘चाळीस’ हादेखील या शब्दाचा दूरचा भाऊबंदच ठरतो. मात्र ही व्युत्पत्ती अर्धवट ठाऊक असली की तिच्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि २०२० साली असे निष्कर्ष वारंवार ऐकू आले.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे चौदा दिवसांच्या क्वारंटाईनला भाषेच्या दृष्टीने अशुद्ध मानणे. बारसे हा शब्द ‘बारा’वरून आला; तरीही सव्वा महिन्याने पाळण्यात घातलेल्या बाळाच्या बारशाला कोणी चुकीचे म्हणत नाही, कारण संख्येचा अर्थ मागे पडून तो शब्द आता विधीचे नाव झाला आहे. ‘क्वारंटाईन’चेही नेमके हेच झाले, आणि ते फार पूर्वी झाले. सॅम्युएल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६३ सालच्या नोव्हेंबरमध्ये आपल्या रोजनिशीत हॅम्बुर्गसारख्या रोगग्रस्त ठिकाणांहून येणाऱ्या जहाजांवरील तीस दिवसांच्या क्वारंटाईनची नोंद केली आणि तिथेच स्पष्ट केले की, ही मुदत शब्दाच्या मूळ अर्थाला सोडून असली तरी लोकांच्या वापरात हा शब्द आता त्या कृतीचा वाचक आहे, तिला लागणाऱ्या काळाचा नव्हे. शब्दाचा अर्थ बदलत असताना तो बदल इतक्या अचूकपणे टिपणारा साक्षीदार क्वचितच सापडतो.

चाळीस दिवस ही या प्रथेची पहिली मुदत होती, असे समजणेही बरोबर नाही. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक, या नगरराज्याच्या महासभेने १३७७ साली असा ठराव केला की, प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने आधी मर्कान या बेटावर किंवा त्साव्हताट या गावी एक महिना काढावा आणि मगच शहरात पाऊल टाकावे. महिन्याचे चाळीस दिवस पुढे झाले. त्या आकड्यामागे ख्रिस्ती धर्मातील चाळीस दिवसांच्या उपवासाचे वजन होते, की तीव्र आजार चाळीस दिवसांत आपले रूप स्पष्ट करतो ही जुनी ग्रीक वैद्यकीय समजूत होती, याबद्दल मतभेद आहेत. त्यामुळे यांपैकी एकच कारण ठामपणे सांगू नये.

माझ्या मते सर्वांत नुकसानकारक चूक वेगळीच आहे, ती म्हणजे आजारी माणसाला ‘क्वारंटाईन केले’ असे म्हणणे. व्हेनिसने १४२३ साली खाडीतील एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ उभारले आणि १४६८ साली दुसऱ्या बेटावर, रोगट बंदरांतून आलेल्या परंतु वरवर धडधाकट दिसणाऱ्या लोकांसाठी आणि मालासाठी वेगळी जागा ठरवली. या दोन बेटांना आज जुने आणि नवे लाझारेत्तो म्हणतात. नव्या बेटावर खलाशी थांबत, मालाला हवा आणि धुरी दिली जाई, आणि कोणी आजारी पडलाच तर त्याची रवानगी जुन्या बेटावर होई. क्वारंटाईन हे मुख्यतः या दुसऱ्या बेटाचे काम आहे: लागण झाली आहे की नाही हे अजून कळलेले नाही, म्हणून वाट पाहणे. रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे आयसोलेशन होय. मराठी बातम्यांमध्ये ‘विलगीकरण’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला गेल्यामुळे निरोगी शेजाऱ्याकडेही रुग्ण म्हणून पाहिले गेले.

हा फरक पक्का झाला की दिवस कुठून मोजायचे, हेही आपोआप समजते. रुग्णाची मुदत त्याच्या बरे होण्याशी जोडलेली असते, तर क्वारंटाईनची मुदत शेवटच्या संपर्कापासून लागण उघड व्हायला लागू शकणाऱ्या जास्तीत जास्त काळाशी जोडलेली असते. समजा, बाधित व्यक्तीशी शेवटचा संपर्क ३ तारखेला आला, सूचना ७ तारखेला मिळाली आणि मुदत चौदा दिवसांची आहे. तर ती १७ तारखेला पूर्ण होते, २१ तारखेला नव्हे. पण १० तारखेला पुन्हा संपर्क आला, तर मोजणी नव्याने सुरू होते. अपोलो ११ च्या अंतराळवीरांची एकवीस दिवसांची मुदतही अशीच चंद्रावरील संपर्कापासून धरली होती. ह्यूस्टनच्या वेळेप्रमाणे ते २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरले आणि २४ जुलैला पृथ्वीवर परतले. त्यांची सुटका १० ऑगस्टला झाली, म्हणजे परतल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी.