या चुका टाळा: फ्रॅक्चर दिसलं म्हणून एक्स-रे वाचून झाला, असं नसतं

सात वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, हात सुजलेला. एक्स-रेमध्ये अल्ना, म्हणजे कोपर ते मनगट यांमधलं करंगळीकडचं हाड, मधोमध मोडलेली स्पष्ट दिसत होती. इंटर्नने केसपेपरवर ‘अल्ना शाफ्ट फ्रॅक्चर’ लिहून प्लास्टरची तयारी केली. मी विचारलं, “रेडियसचं डोकं कुठे आहे?” रेडियस हे शेजारचं अंगठ्याकडचं हाड, त्याचं डोकं कोपरात असतं; आणि फिल्म कोपराच्या खालीच कापलेली होती.

पहिली चूक इथेच झाली. लांब हाडाच्या फिल्ममध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हवेत आणि काटकोनातले दोन व्ह्यू हवेत, म्हणजे समोरून घेतलेला ए-पी आणि बाजूने घेतलेला लॅटरल. ते नसतील तर अंदाज बांधत बसू नका, फिल्म पुन्हा मागवा.

दुसरी चूक नजरेची. ठळक फ्रॅक्चर दिसलं की डोळ्यांना काम संपल्यासारखं वाटतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना उलटा क्रम पाठ करायला लावतो: फ्रॅक्चर दिसलं तरी तिकडे शेवटी जायचं. आधी नाव, तारीख, डावा-उजवा बघायचा आणि मग ‘सा-रे-क-म’. (‘ग’ला जागा मिळाली नाही, संगीतवाल्यांनी माफ करावं.)

सा – सांधे: दोन्ही दिसतात का, जागेवर आहेत का?
रे – रेषा: हाडांचे अक्ष जुळतात का?
क – कड: प्रत्येक हाडाची बाहेरची कड बोट फिरवल्यासारखी पूर्ण फिरा; पायरी, घडी, बाक शोधा.
म – मऊ भाग: सूज, हवा, काचेचा तुकडा, सांध्यातलं पाणी.

या मुलाची नवी फिल्म आली. ‘सा’ला कोपर दिसलं. ‘रे’ला रेडियसच्या मानेतून अक्षाची रेषा काढली. ती कुठल्याही व्ह्यूमध्ये कॅपिटेलमच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या गोल भागाच्या, मधोमध जायला हवी. लॅटरलवर ती कॅपिटेलमच्या पुढून गेली, म्हणजे रेडियसचं डोकं पुढे निखळलेलं. अल्ना मोडलेली आणि डोकं निखळलेलं, हे मॉन्टेजिया फ्रॅक्चर. मिलानच्या जोव्हानी मॉन्टेजियाने 1814 साली त्याचं वर्णन केलं आणि आजही ते सुटतं.

लहान मुलांत आणखी एक फसगत होते. अल्ना मोडत नाही, नुसती वाकते. लॅटरलवर अल्नाच्या मागच्या कडेला पट्टी लावा. मध्ये फट दिसली तर हाड वाकलं आहे, आणि डोकं निखळलंय का ते बघायलाच हवं. तान्ह्या बाळात मात्र कॅपिटेलमचं हाड अजून दिसत नसतं. ते साधारण पहिल्या वर्षात दिसू लागतं, तोवर ही रेषा उपयोगाची नाही.

प्लास्टरआधी मुलाला अंगठा आणि बोटं मुळापासून वर उचलायला सांगितलं. उचलता आली नाहीत, तर पोस्टेरियर इंटरऑसियस नर्व्हला इजा असू शकते. अल्ना सरळ केली की डोकं बहुधा आपोआप जागेवर बसतं, इथेही बसलं. ते आम्ही नव्या फिल्मवर तीच रेषा काढून पाहिलं आणि आठवड्याने पुन्हा पाहिलं, कारण प्लास्टरच्या आत अल्ना परत वाकली तर डोकंही परत निसटतं.