मेलामाइन, पीयू की तेल? आधी नमुना ओरखडा, मग ठरवा

लाकडी फर्निचरचं पॉलिश निवडताना सगळे एकच प्रश्न विचारतात: जास्त दिवस टिकेल कुठलं? मेलामाइन असो, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन असो की तेल, ओरखडा तिन्हींवर पडतो. खरा फरक पडतो तो त्या ओरखड्याचं पुढे काय करता येतं यात. म्हणून शेड कार्ड बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमाने जा. उदाहरण म्हणून सहा माणसांचं जेवणाचं टेबल धरू. वरचा भाग प्लायवर सागाचं व्हीनिअर, त्याला कडेने सागाची भरीव पट्टी आणि पाय भरीव सागाचे. रोज वापर, पाणी सांडणार, गरम भांडं टेकणार.

१. आधी जुनं काय आहे ते ओळखा

लाकूड नवं असेल तर ही पायरी सोडा. जुनं असेल तर न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिट लावून मिनिटभर थांबा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही, पण साध्या थिनरने मऊ पडलं, तर जुन्या पद्धतीचं लॅकर समजा. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर बहुतेक मेलामाइन किंवा पीयू. पाण्याचा थेंब काही मिनिटांत आत मुरला तर लाकूड उघडं आहे किंवा तेलाचं आहे. जुन्या थरावर नवा थर चढवायचा मोह सोडा, लाकूड दिसेपर्यंत काढा. तेलावर तेल मात्र चालतं.

२. तिघांचा स्वभाव

मेलामाइनमध्ये आम्लाचा हार्डनर पडतो. ते झटपट सुकतं, कडक होतं आणि स्वच्छ, काहीसं काचेसारखं दिसतं. पण ते ठिसूळ असतं. लवकर सुकावं म्हणून कारागीर हार्डनर अंदाजाने वाढवतो आणि काही महिन्यांनी केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. जाड थर दिला तरी तेच होतं. सुकताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो आणि बंद कपाटाच्या आत तो बराच काळ राहतो. कपाटात आतून मेलामाइन मारलं असेल तर दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत कपडे ठेवू नका.

पीयूचा थर थोडा लवचिक असतो. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, ते पीयू जास्त चांगलं सोसतं. पाणी, चहा, लिंबू यांनाही तेच सर्वांत कमी दाद देतं. पण त्याच्या हार्डनरचं ओलाव्याशी वाकडं आहे. पाण्याचा अंश मिळाला की वायू सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे अडकतात. म्हणून पीयूत पीयूचाच थिनर घाला, साधा नको. हार्डनरचा डबा दर वेळी घट्ट बंद करा. फवारणी करताना कागदी मास्क कुचकामी आहे, किमान सेंद्रिय वाफ आणि फवाऱ्याचे कण अडवणारा काडतुसाचा मास्क लागतो. फिकट लाकडावर ‘नॉन-यलोइंग’ लिहिलेलंच पीयू मागा, साधं पीयू हळूहळू पिवळं पडतं.

तेल, म्हणजे जवसाचं किंवा टंगचं, वर थर धरत नाही, आत मुरतं. लाकूड गडद आणि ओलसर दिसतं, हाताला लाकूडच लागतं. ही मजा बाकी दोघांत नाही. बदल्यात संरक्षण थोडं मिळतं. कच्चं जवस तेल सुकायला आठवडे घेतं, म्हणून ‘बॉइल्ड’ लिहिलेलं घ्या, त्यात सुकवणारं द्रव्य मिसळलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून सर्वांत जास्त पैसे वाया जातात. मेलामाइनच्या सीलरवर पीयूचा वरचा थर देऊ नका. खालचं आम्ल पीयूच्या घट्ट होण्यात ढवळाढवळ करतं आणि थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. पीयूखाली पीयूचाच सीलर हवा. ‘खाली काही चालतं’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

३. नमुना फळी: इथे घाई करू नका

कारागीर एक छोटा चकचकीत तुकडा दाखवतो, आपण मान हलवतो आणि तयार टेबल वेगळं दिसतं. कारण सोपं आहे. तो तुकडा दुसऱ्या लाकडाचा असतो, घासण्याची पद्धत वेगळी असते आणि थरांची संख्या कुणी मोजलेली नसते.

आपल्याच व्हीनिअरचे उरलेले तीन तुकडे घ्या, प्रत्येकी साधारण एक फूट चौरस. प्रत्येकाच्या एका कडेला भरीव सागाची पट्टी चिकटवून घ्या. टेबलावर व्हीनिअर आणि पट्टी शेजारी-शेजारी येणार आहेत आणि दोघं पॉलिश सारखं पीत नाहीत. हा फरक टेबल झाल्यावर दिसला तर उपाय नसतो.

तिन्ही तुकडे हाताने घासा, १८० नंबर आणि मग २४०. व्हीनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, मशिन लावलं तर कडेला खालचं प्लाय उघडं पडतं. पहिल्या तुकड्यावर मेलामाइनचा सीलर दोन हात, ३२० ने घासून वरचा थर दोन हात. दुसऱ्यावर पीयूचं तसंच. तिसऱ्यावर तेल तीन हात, प्रत्येक हातात एक दिवसाचं अंतर. सागात स्वतःचा तेलकटपणा असतो आणि तो तेल सुकू देत नाही, म्हणून पहिल्या हाताच्या अगदी आधी थिनरचं फडकं फिरवा. तेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वर उरलेलं सगळं पुसून कोरडं करा. जे पुसलं नाही ते चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. ‘जास्त तेल म्हणजे जास्त पोषण’ हा सल्ला चुकीचाच आहे.

हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच घ्या आणि मोजपात्राने मोजा. मॅट पॉलिश वापरत असाल तर डबा तळापर्यंत काठीने सावकाश ढवळा. मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसलेली असते. न ढवळता घेतलं तर नमुना चकाकतो आणि टेबलाला डब्याच्या तळाचा माल लागल्यावर ते मंद पडतं. हलवून फेस मात्र काढू नका.

प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: डबा कुठला, प्रमाण, किती हात, तारीख. मग वाट पाहा. हीच पायरी लोक खातात. मेलामाइन आणि पीयू तासाभरात हाताला लागेनासे होतात आणि लोक दुसऱ्या दिवशी भांडं ठेवून ‘डाग पडतो’ म्हणून मोकळे होतात. या दोघांना आठ दिवस द्या, तेलाला तीन-चार आठवडे.

४. आता छळ करा

ओला पेला मेलामाइन आणि पीयूवर रात्रभर ठेवा, तेलावर तासभर. उकळत्या पाण्याचं स्टीलचं भांडं दहा मिनिटं. लिंबाचा रस आणि चहा तासभर सांडलेला राहू द्या. मग नाण्याच्या कडेने जोर देऊन एक ओढ काढा. मेलामाइनवर साधारणपणे पांढरी रेघ येते, कारण थर चुरा होतो. पीयूवर बहुधा खोलगट वळ येतो, रंग फारसा बदलत नाही. तेलावर लाकूडच ओरखडतं.

आता ओरखडा दुरुस्त करा. प्रत्येक तुकड्यावर फक्त जखमेपुरतं, बोटभर जागा, ४०० ने घासा आणि तेच पॉलिश पुन्हा लावा. सुकल्यावर तुकडा खिडकीपाशी तिरका धरा. मेलामाइन आणि पीयूवर नव्या-जुन्याच्या सीमेवर एक कडा दिसेल, चकतीसारखी. नवा थर जुन्यात विरघळत नाही, त्याच्यावर नुसता बसतो. म्हणजे घरात असा ओरखडा आल्यावर ठिगळ चालणार नाही, अख्खा पृष्ठभाग कडेपासून कडेपर्यंत घासून पुन्हा फवारावा लागेल. तेलाच्या तुकड्यावर जागा शोधावी लागेल.

५. टेबलाचा निकाल

आपल्या टेबलाला पीयू, मॅट. कारण पाणी आणि भांडी रोजची आहेत आणि टेबलाचा वरचा भाग एकच सलग सपाट आहे, म्हणजे काही वर्षांनी तो उचलून पूर्ण घासून फवारता येतो. तेल इथे दोन कारणांनी बाद: पट्टी व्हीनिअरपेक्षा गडद निघते आणि ओल्या पेल्याची वर्तुळं सतत सांभाळावी लागतात. पायांना वेगळं पॉलिश देऊन पैसे वाचवू नका, एका वस्तूला एकच पॉलिश. झळाळी जुळत नाही आणि जोडापाशी ते डोळ्यांत खुपतं.

मेलामाइन ठेवा पुस्तकांच्या मांडणीला, भिंतीच्या फळ्यांना, जिथे पाणी नाही आणि कुणी टेकत नाही. तेल ठेवा भरीव लाकडाच्या खुर्चीला, बाकाला, जिथे हात सतत लागतो आणि घरच्या माणसाला वर्षातून एकदा फडकं फिरवायची तयारी आहे. तयारी नसेल तर तेल घेऊ नका, हळूहळू लाकूड कोरडं, निस्तेज दिसू लागतं.

मॅटबद्दल एक सावधगिरी: जिथे कोपर टेकतं तिथे मॅट थर घासून घासून चकाकतो. गडद रंगावर हे लवकर दिसतं. सॅटिन, म्हणजे मधली झळाळी, हा डाग जास्त लपवते.

६. नंतर

पीयू आणि मेलामाइन ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. तेलाला कोरडं फडकं, आणि पाण्याचा थेंब गोळा होऊन न राहता पसरू लागला की पुन्हा एक हात. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, गोळा झालेलं फडकं स्वतःहून पेट घेऊ शकतं. ती बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

सिलिकॉन असलेला चकाकी-स्प्रे कोणत्याही पॉलिशवर मारू नका. आज छान दिसतं, पण तो अंश लाकडावर राहतो आणि पुढे कधी नवा थर दिला की त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. नमुना फळ्या मात्र जपून ठेवा, पुढे पुन्हा पॉलिश करताना मागची टिपणं आणि तो डबा कुठला होता याची नोंद कामाला येते.