लाँचची पहिली किकऑफ घ्यायची असेल तर: माझा भाजणीच्या पाकिटाचा अनुभव

मी पुण्यातल्या एका छोट्या फूड कंपनीत प्रॉडक्टचं काम बघते. माझी पहिली किकऑफ थालीपीठ भाजणीच्या पाकिटाची होती आणि ती मी चाळीस स्लाइड्स दाखवून घेतली, सगळ्यांनी माना डोलावल्या, समोसे खाल्ले आणि मीटिंग मस्त झाली असं मला वाटलं. पुढे दीड महिन्यात पाऊचचे छापलेले रोल भंगारात गेले.

झालं असं की आर अँड डीच्या मॅडमनी सॅम्पल टिकाऊपणा बघायला गरम चेंबरमध्ये ठेवली होती आणि बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पर्चेसच्या दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वेळ वाचवायचा म्हणून छपाईचे सिलेंडर बनवायला देऊन टाकले, रोल पण छापून आले. मग सॅम्पल कडू निघालं, बाजरी कमी करून ज्वारी वाढवली. आता पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पहिलं नाव बाजरीचं होतं ते ज्वारीचं झालं, पोषणमूल्यांचा तक्ताही बदलला. सिलेंडर प्रत्येक रंगाला वेगळा असतो आणि हा मजकूर काळ्यात होता म्हणून एकच नवा करावा लागला, पण छापलेल्या रोलचं काय करणार? दादा मला म्हणाले, "ताई, मला कोणी सांगितलं होतं का?" खरंच नव्हतं सांगितलं. दोघंही त्याच मीटिंगमध्ये समोरासमोर बसले होते, मीच बोलत होते ना.

पुढच्या वेळी मल्टिग्रेन डोशाच्या पिठाचं लाँच होतं, तेव्हा अजेंडा एका तासाचा केला आणि त्यातली निम्मी वेळ एकाच कामाला दिली, तारखा उलट्या मोजायच्या. सुरुवातीचं बोलणं पाच मिनिटं. मग दहा मिनिटं डोसा करून सगळ्यांनी खायचा (हे गंमत म्हणून नाही, अकाउंट्सवाल्यांनी प्रॉडक्ट कधी चाखलेलंच नसतं). मग अर्धा तास भिंतीवर तारखा. उरलेल्या पंधरा मिनिटांत कशावर कोणाचा शब्द शेवटचा ते आणि कोण काय कधी देणार ते.

तारखांचं असं केलं. दुकानात माल १ जुलैला हवा. मी भिंतीवर ती चिठ्ठी लावली आणि विचारलं, त्याच्या आधी काय झालेलं हवं? सेल्स म्हणाले माल २० जूनला फॅक्टरीतून निघाला पाहिजे. प्रॉडक्शन म्हणालं मग पॅकिंग १० जूनला सुरू, म्हणजे रोल ७ जूनला हातात. दादा म्हणाले सिलेंडर आणि छपाईला चार आठवडे, म्हणजे आर्टवर्कवर सही १० मेला. लेबल तपासायला दहा दिवस धरले की रेसिपी ३० एप्रिलला पक्की. आणि तिथे मॅडम म्हणाल्या, "माझी सॅम्पल चेंबरमधून २० एप्रिलला बाहेर येणार." म्हणजे काही बदलायचं झालं तर हातात दहाच दिवस. खोलीत एकदम शांतता. मागच्या वेळी हेच वाक्य कोणी बोललं नव्हतं.

चिठ्ठ्या ज्याच्या त्यानेच लिहायच्या हं, तुम्ही लिहू नका. स्वतःच्या अक्षरातली तारीख माणूस सहज विसरत नाही आणि नंतर "ही तारीख मी दिली नव्हती" असं पण म्हणत नाही.

सुरुवातीचं बोलणं मी कागदावर लिहून नेलं होतं, ते साधारण असं:

"सगळ्यांना नमस्कार. १ जुलैला आपलं डोशाचं पीठ पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत हवंय, फक्त अर्धा किलोचं पाकीट. एक किलोचं आणि ऑनलाइन विक्री या वेळी नाही, त्यावर आज बोलायचं नाही. चवीचा शेवटचा शब्द मॅडमचा, किमतीचा सेल्सच्या सरांचा, तारखांचं भांडण माझ्याकडे आणायचं. मागच्या वेळी रोल वाया गेले ते मी नीट विचारलं नाही म्हणून. आज प्रत्येकाने एकच सांगायचं, तुमचं काम सुरू व्हायला दुसऱ्या कोणाकडून काय हवंय आणि कधी."

बस. कंपनीचा इतिहास नाही, "आपण एक कुटुंब आहोत" वगैरे नाही. काय करणार नाही हे सांगताना सेल्सच्या सरांचा चेहरा पडला, कारण एक किलोचं पाकीट त्यांनाच हवं होतं. म्हणून असं काही असेल तर त्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी नाही केला आणि दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते.

मिनिट्स त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, भिंतीचा फोटो आणि खाली एक ओळ: ३० एप्रिलच्या आधी सिलेंडरची ऑर्डर द्यायची नाही. दादांनी लगेच अंगठा दिला. २० एप्रिलला मॅडमचा फोन आला, सॅम्पल ठीक होतं पण मीठ थोडं कमी करायचं म्हणाल्या, आणि तक्ता बदलला तेव्हा फक्त कॉम्प्युटरवरची फाइल बदलावी लागली.