परमिटसकट जुनी टॅक्सी घेताना: आरसी नावावर झाली म्हणजे परमिट झालं असं नाही

2027 चा सिंहस्थ जवळ आला तसे नाशिकमध्ये जुन्या टूरिस्ट गाड्यांचे भाव चढले. विकणारा हमखास म्हणतो, "परमिटसकट देतो, उद्यापासून भाडं मारा." यातला 'उद्यापासून' हा शब्द खोटा आहे. गाडी उद्या तुमच्या दारात येईल, पण भाडं मारायचा हक्क तिच्याबरोबर येत नाही. तो वेगळा मागावा लागतो आणि मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. कोणी काहीही सांगो, हिशेब इथूनच सुरू करा.

इंजिन, टायर, पत्रा कसा तपासायचा ते मी सांगत बसत नाही. तुमचा मेकॅनिक बरोबर न्या. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची तारीख वाचा. ही चाचणी दर तीन वर्षांनी लागते आणि ती संपली असेल तर पासिंगला गाडी अडते.

आधी कागद, मग गाडी

विकणाऱ्याकडून आरसी, परमिट, फिटनेस, विमा आणि कराच्या पावतीचे फोटो मागवा आणि गाडी बघायला जाण्याआधी ते parivahan.gov.in वर पडताळा. बघायचं इतकंच: मालकाचं नाव, बँकेचा बोजा, फिटनेस कधीपर्यंत, कर कुठवर भरलाय, थकलेली ई-चलनं किती. टूरिस्ट गाडीवर चलनांचा ढीग असतो आणि तो विकणाऱ्यानेच फेडायचा.

गाडीचं वयही इथेच मोजा. व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी होतं, पुढे दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. म्हणजे 2019 ची गाडी ऐन सिंहस्थाच्या वर्षात या दोन्ही खर्चांत शिरते. भाव करताना हे बोलून दाखवा.

परमिटवर नाव कोणाचं आहे आणि तो माणूस हयात आहे का, हे न लाजता विचारा. बरेचदा गाडी मुलगा विकत असतो आणि परमिट वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. कायद्याप्रमाणे वारसाने 30 दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवलं, तर तो तीन महिने ते परमिट वापरू शकतो. आपल्या नावावर करून घ्यायचा अर्जही मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. हे काही झालं नसेल, तर त्या परमिटसाठी एक रुपया मोजू नका. आधी वारसाच्या नावावर आरसी, मग तुमच्या. मधली पायरी गाळून थेट तुमच्या नावावर करून देतो म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि निरोप द्या.

खरी अडचण: एक गाडी, दोन बदल्या

माझी पहिली गाडी नावावर झाली तेव्हा एजंटने आरसी हातात ठेवली आणि "झालं काम" म्हणाला. परमिटचं विचारलं तर, "ते गाडीच्या मागे येतंच." ते येत नाही. हे कळायला मला बरेच हेलपाटे पडले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आरसीची बदली मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 खाली होते. फॉर्म 29 आणि 30 भरायचे, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 जोडायचा. परमिटची बदली कलम 82 खाली होते आणि ज्या प्राधिकरणाने परमिट दिलं त्याच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याकडे जातच नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय: गाडी विकत घेतली एवढ्यावर नव्या मालकाला परमिटप्रमाणे गाडी चालवायचा हक्क मिळत नाही.

आता यातली खोच बघा. नुसती आरसी तुमच्या नावावर झाली की जुना मालक त्या गाडीचा मालक राहत नाही. परमिटधारकाकडे गाडीची मालकी नसणं हे कलम 86 प्रमाणे परमिट रद्द करायचं कारण आहे. म्हणजे गाडी तुमची, परमिट त्याचं, आणि दोघांपैकी कोणालाच ती भाड्याने चालवता येत नाही. म्हणून माझा नियम असा की दोन्ही अर्ज एकत्र जातील, एकाच दिवशी, विकणाऱ्याला पेठ रोडच्या आरटीओत बरोबर नेऊन. "आरसी आधी करू, परमिटचं सावकाश बघू" हा सल्ला ज्याने दिला त्याला त्याची फी मिळालेली असते.

दुसरा वाईट सल्ला नोटरीचा. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा करायचा, गाडी ताब्यात घ्यायची आणि जुन्या मालकाच्या नावावरच चालवायची. नोटरीने परमिट हलत नाही. परमिटशिवाय भाडं मारताना पकडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, शिवाय गाडी अडकवून ठेवतात. अपघात झाला तर प्रकरण आणखी महाग पडतं. परमिट नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या दृष्टीने मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं आहे. जखमीला विमा कंपनी पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, कारण आरसीवर ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. हे ऐकल्यावर तो आपणहून आरटीओत यायला तयार होतो.

पैसे आणि तारखा कशा बांधायच्या, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, सातपूरची 2019 ची सीएनजी अर्टिगा, ठरलेला भाव 6 लाख 40 हजार, बँकेचं देणं 1 लाख 70 हजार, परमिट 20 सप्टेंबरला संपतंय आणि सौदा 1 ऑगस्टला होतोय. बँकेचे पैसे विकणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, थेट कर्जखात्यात भरायचे. एनओसी आली, दोघांच्या सह्या झाल्या आणि दोन्ही अर्ज दाखल झाले की 3 लाख 20 हजार द्यायचे. उरलेले 1 लाख 50 हजार परमिटवर तुमचं नाव आल्यावर. ही रक्कम छोटी ठेवलीत तर विकणारा पुढच्या हेलपाट्याला फोन उचलणार नाही.

पण या उदाहरणात एक खड्डा आहे. परमिटची मुदत पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे 5 सप्टेंबरपर्यंत. बँकेची एनओसी यायला ऑगस्टचा अर्धा महिना गेला, तर बदलीचा निर्णय त्याआधी होईलच याची खात्री नाही आणि तोवर अर्ज करायचा अधिकार जुन्या मालकाचाच असतो. म्हणून दोन महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर मी आधी त्याच्या नावावर नूतनीकरण करून घेतो, फी माझ्या खिशातून देतो आणि मगच बदलीला हात घालतो. थोडा उशीर होतो, पण मेलेलं परमिट विकत घेण्यापेक्षा बरं.

तिसरा मार्गही आहे आणि टूरिस्ट गाडीसाठी मला तो पुष्कळदा सोपा वाटतो. विकणाऱ्याने परमिट समर्पण करायचं, आरसी तुमच्या नावावर घ्यायची आणि परमिट तुम्ही नवं काढायचं. टूरिस्ट परमिट काही दुर्मीळ वस्तू नाही, अर्ज आणि फी भरून मिळतं. 'परमिटचे' म्हणून कोणी वर लाखभर मागत असेल तर त्याला हेच सांगा.

गाडी कुठे जाऊ शकते, ते परमिटवर वाचा

परमिटवर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि तेच तुमचं कुंपण. एका विभागाचं परमिट दुसऱ्या विभागात तिथल्या प्राधिकरणाच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नाही. काळी-पिवळी घेत असाल तर हे आधी बघा. नाशिक जिल्ह्यापुरतं परमिट त्र्यंबकेश्वरला पुरेल, शिर्डीला पुरेलच असं नाही, कारण तो जिल्हाच वेगळा. राज्यभराचं परमिट असेल तर शिर्डी, पुणे, मुंबई सगळं मोकळं.

नाशिककरांची फसगत होते ती सापुताऱ्याला. सप्तशृंगीचं भाडं असतं, दर्शन लवकर आटोपतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, इतकं आलोच आहोत तर सापुतारा दाखवा. सापुतारा गुजरातेत आहे. राज्याच्या परमिटवर तिथे जायचं तर त्या फेरीसाठी विशेष परमिट काढावं लागतं, नाहीतर अखिल भारतीय टूरिस्ट परमिट हवं. सिल्व्हासा, दमण, सुरत यांचंही तेच. विकणारा 'ऑल इंडिया आहे' म्हणाला तर कागद मागा आणि त्याची फी कोणत्या तारखेपर्यंत भरली आहे ते पाहा. मी भाव करताना त्या उरलेल्या फीची किंमत शून्य धरतो.

शेअर भाड्याबद्दलही उलटसुलट बोललं जातं. चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंतची गाडी कायद्यात मोटार कॅब ठरते, त्याहून जास्त आणि बारापर्यंत मॅक्सी कॅब. मोटार कॅबमध्ये प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेतलं म्हणून ती एसटीसारखी टप्पा वाहतूक होत नाही. नाशिक रोड स्टेशनवरून चार अनोळखी माणसं शिर्डीला नेलीत, परमिटच्या अटीत आडकाठी नसेल, तर ठीक. पण वाटेत सिन्नरला दोघांना उतरवून तिघांना उचललंत की तुम्ही टप्पा वाहतूक करताय आणि ते ऑल इंडिया परमिटवरही चालत नाही. विकणारा महिन्याची कमाई सांगतो ती बरेचदा अशा उचल-सोडीवरची असते. त्याला मार्ग विचारा, कमाई नको.

बदलीनंतर

आरसी नावावर झाली की 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा. तिसऱ्या पक्षाचा विमा तुमच्याकडे आला असं कायदा मानतो, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र आपोआप येत नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. चालक ठेवणार असाल तर त्याचा बॅज बघा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करवून स्वतःचा लावा, नाहीतर तुमच्या फेऱ्यांचे टोल त्याच्या खात्यातून कटत राहतील आणि तो कंटाळून एके दिवशी तुम्ही घोटीच्या नाक्यावर असतानाच टॅग बंद करेल.