लॉक-इनच्या एका कलमावर वकिलांचे मत मागताना

भाड्याचे घर लॉक-इन, म्हणजे करारात ठरलेला किमान राहण्याचा काळ, संपण्याआधी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पूर्ण भाडे द्यावे लागेल, या कलमावर मत हवे असेल, तर पत्रात ते कलम क्रमांकासह जसेच्या तसे उतरवावे आणि नोंदणीकृत करारनामा संपूर्ण जोडावा, कारण नोटिशीचे कलम बहुधा दुसऱ्याच पानावर असते. मग तारखांनुसार घटना लिहाव्यात: करार 1 जूनपासून, लॉक-इन सहा महिने, भाडे 20,000 रुपये, चावी 30 सप्टेंबरला परत, नवा भाडेकरू 15 ऑक्टोबरपासून. ही शेवटची तारीख मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यानंतर मालकांचे भाडे बुडालेले नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई मात्र वाजवी तेवढीच मिळते. आपण व्हॉट्सॲपवर ‘दोन महिन्यांचे देतो’ असे कबूल केले असेल, तर तेही लपवू नये.

“माझी बाजू बरोबर आहे ना?” असे विचारू नये. “घर 15 ऑक्टोबरला पुन्हा भाड्याने गेले असता मालकांना 40,000 रुपये मागता येतील का, आणि माझ्या संमतीशिवाय ते अनामतीतून कापता येतील का?” असे विचारावे.