व्हीपीएन ‘कनेक्टेड’, पण साइट उघडत नाही?

व्हीपीएन चालू ठेवूनच ब्राउझरमध्ये `https://1.1.1.1/cdn-cgi/trace` टाका. हा थेट आयपी पत्ता आहे, त्यामुळे तो उघडायला नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस लागत नाही. पान उघडलं, तर व्हीपीएनचा बोगदा शाबूत आहे आणि फक्त नावांचे पत्ते सापडत नाहीत. अँड्रॉइडवर अशा वेळी सेटिंग्जमध्ये `Private DNS` शोधा. जाहिराती अडवायला तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव घालून ठेवलेलं असतं आणि आपण ते विसरून जातो. ती निवड व्हीपीएनवरही लागू होते. बोगद्यातून तो सर्व्हर गाठता आला नाही, तर एकही साइट नावाने उघडत नाही. `Automatic` करून पाहा.

`1.1.1.1` चं ते पानही उघडलं नाही, तर संशय व्हीपीएनच्या प्रोटोकॉलवर. वायरगार्ड हा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, आणि पलीकडून उत्तर आलेलं नसतानाही काही अ‍ॅप ‘कनेक्टेड’ दाखवतात. मिळालेल्या डेटाचा आकडा शून्यावरच अडकला असेल, तर हेच घडतंय. हॉटेल-ऑफिसचं वायफाय बऱ्याचदा यूडीपी अडवतं. मोबाइल डेटावर चाललं, तर दोष वायफायचाच. तिथे ओपनव्हीपीएन टीसीपी निवडा, शक्यतो ४४३ पोर्टवर. वेग थोडा कमी होईल.