पाण्याखालच्या व्हिडिओवरून मासे मोजताय? या चुका टाळा

शेततळ्यात कॅमेरा सोडणारे वाढले, तशी एक चूक घरोघरी दिसू लागली आहे. खाद्य टाकतानाचा व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून तळ्यातले एकूण मासे ठरवायचे. खाद्यापाशी मासे गोळा होणारच, मग बाकीचं तळंही तेवढंच भरलेलं कसं धरता?

भंडाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचं ३० बाय ३० मीटरचं, पन्नी अंथरलेलं तळं. कॅमेऱ्यासमोरच्या अंदाजे एका चौरस मीटरात त्यानं ३ मासे मोजले, ९०० नं गुणले आणि २,७०० मासे धरले. सोडली होती १,००० बोटुकली, तीही रोहू, कटला, मृगळ यांची. हे मासे साचलेल्या तळ्यात पिल्लं देत नाहीत. म्हणजे हजाराच्या वर आकडा गेला, तिथंच हिशेब थांबवायला हवा होता. पण सरासरी २०० ग्रॅम वजन आणि वजनाच्या ३ टक्के खाद्य धरून तो रोज १६ किलो टाकत राहिला. सगळे मासे जगले असते, तरी ६ किलो पुरलं असतं.

उरलेलं खाद्य तळाशी कुजलं. आभाळ भरून आलं तेव्हा पहाटेच्या व्हिडिओत मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले. त्याला वाटलं, भुकेले आहेत. त्यानं आणखी खाद्य टाकलं. दुसऱ्या सकाळी मेलेले मासे तरंगत होते. ती भूक नव्हती, पाण्यातला ऑक्सिजन संपला होता.

हा फरक डोळ्यांनी कळतो. भुकेला मासा खाद्यावर झेप घेतो आणि काठावर पाय आपटला की खाली बुडी मारतो. श्वास कोंडलेला मासा सुस्त असतो, दाणा तोंडाजवळ असूनही घेत नाही आणि ऊन चढल्यावर खाली जातो. असं दिसलं की खाद्य बंद करा, मोटार लावून पाणी उंचावरून फवारा.

मी स्वतः खाद्य टाकण्याआधीच चित्रण करतो, त्याच बांबूला, त्याच खोलीवर, त्याच वेळी. प्रत्येक फ्रेममधले मासे बेरजेत धरू नका, एकच कटला पाच वेळा फिरून येतो. एका फ्रेममध्ये एकावेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहा. तो तळ्यातली संख्या नव्हे. मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहायला तो उपयोगी पडतो. एकूण संख्येसाठी सोडलेल्या बीजातून मेलेले वजा करा, वजनासाठी जाळं फेका. एवढा धीर नसेल तर कॅमेरा घेऊ नका.

खाद्य कमी-जास्त ठरवताना माशांची धावपळ नको, दाणे पाहा. तरंगतं खाद्य अर्ध्या तासानंतरही उरलं तर उद्या कमी टाका.

कॅमेरा फक्त वर लावलात तर कटलाच दिसेल, मृगळ तळाशी चरतो.

गढूळ पाण्यात मोजू नका. पांढरी थाळी दोरीनं सोडा. हातभर खोलीच्या आतच ती दिसेनाशी झाली, तर त्या दिवशीचा आकडा वहीत लिहू नका.